लाल पट्टा किती विणला? उतार आणि क्षेत्रफळ यांचं नातं

प्रश्न: सर, मी सोलापुरात बारावी सायन्सला शिकतो. डेरिव्हेटिव्ह म्हणजे उतार आणि इंटिग्रल म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, हे दोन्ही वेगवेगळं समजतं. पण एक दुसऱ्याच्या उलट कसं? उताराचा आणि क्षेत्रफळाचा संबंधच काय? गणितं सुटतात, पण कळत नाही.

उत्तर: संबंध दिसत नाही, कारण तू दोन्ही गोष्टी एकाच वक्रावर शोधतोयस. y = x² चा आलेख काढायचा, त्याला स्पर्शिका काढून उतार बघायचा आणि त्याच आलेखाखाली रेघोट्या मारून क्षेत्रफळ बघायचं. वर्गात आम्ही शिक्षकही फळ्यावर एकच चित्र काढतो, त्यामुळे हा घोळ होतो. पण x² चा उतार 2x आणि x² खालचं क्षेत्रफळ x³/3, या दोघांना शेजारी ठेवून कितीही वेळ बघत बसलास तरी त्यातून काही निघणार नाही. या दोघांना जोडणारं कलनशास्त्राचं मूलभूत प्रमेय ज्या उताराबद्दल बोलतं तो या वक्राचा उतारच नाही.

इथे आलेख दोन लागतात. एक तुझा मूळ वक्र. दुसरा "आत्तापर्यंत किती क्षेत्रफळ जमलं" याचा. या दुसऱ्या आलेखाचा उतार म्हणजे पहिल्या आलेखाची उंची. प्रमेयाचा गाभा एवढाच आहे. आता तो खरा का, ते लूमवर बघू. सोलापुरात राहतोस म्हटल्यावर पूर्व भागात एखाद्या तरी कारखान्यात चादर विणताना पाहिली असशील. मी इथेच वाढलो, आणि मला स्वतःला हे प्रमेय पुस्तकात नाही, लूमसमोर उभं राहून कळलं.

जकार्डची चादर कशी वाढते ते आठव. उभे धागे ताणून बसलेले असतात. धोटा एका किनारीकडून दुसऱ्या किनारीकडे जातो, एक आडवा धागा टाकतो, फणी तो ठोकून आधीच्या धाग्याला चिकटवते. मग पुढचा धागा. कापड नेहमी एकाच ठिकाणी वाढतं, जिथे फणी ठोकते त्या रेषेवर. मागे विणून झालेलं कापड जसंच्या तसं राहतं, त्यात आता काही बदलत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे सगळं यावरच उभं आहे.

आता समज, नक्षी अशी आहे: डाव्या किनारीला लागून लाल रंग, आणि बाकी पांढरं. सुरुवातीला लाल अजिबात नाही. x सेंटिमीटर कापड विणून झालं की त्या ठिकाणच्या आडव्या धाग्यावर लाल भाग x² सेंटिमीटर लांब दिसतो. म्हणजे १ सेंटिमीटरवर लाल १ सेंटिमीटर, ३ सेंटिमीटरवर ९, ५ वर २५, ६ वर ३६. हे कापड काटकोनात फिरवून बघितलंस तर तो तुझा y = x² चा आलेखच आहे, वक्राखालचा भाग लाल रंगवलेला. आकडे सोपे राहावेत म्हणून एक आडवा धागा बरोबर १ मिलिमीटर जाड धरू, म्हणजे ०.१ सेंटिमीटर.

मालकाला रोज एक गोष्ट हवी असते: आत्तापर्यंत लाल किती विणलं? या आकड्याला A(x) म्हणू. x सेंटिमीटरपर्यंत कापडावर जेवढं लाल क्षेत्रफळ दिसतं, ते A(x).

आता ५ सेंटिमीटर कापड झालंय आणि पुढचा एकच धागा पडतोय, तिथे थांब. या एका धाग्याने लाल क्षेत्रफळ कितीने वाढलं? धाग्यावर लाल लांबी साधारण २५, जाडी ०.१, म्हणजे २५ × ०.१ = २.५ चौरस सेंटिमीटर. मागच्या लाल भागाचा या वाढीशी काही संबंध नाही, तो कधीच विणून झालाय. वाढ ठरते ती फक्त शेवटच्या धाग्यावर लाल किती लांब आहे यावर. आणि वाढीचा दर, म्हणजे वाढ भागिले जाडी, किती? २.५ भागिले ०.१, म्हणजे २५. जी लाल लांबी होती तीच परत आली.

क्षेत्रफळ वाढण्याचा दर म्हणजे त्या क्षणीची उंची. दर म्हणजे डेरिव्हेटिव्ह. उंची म्हणजे तुझं फंक्शन. म्हणून A′(x) = f(x). उताराचा आणि क्षेत्रफळाचा संबंध विचारत होतास, तो या एका धाग्यात आहे.

तू विचारशील, "सर, पण तो धागा पूर्ण आयत नाही. लाल कडा तिरकी आहे. ५ सेंटिमीटरला २५, पण ५.१ ला २६.०१. मग २५ × ०.१ हे बरोबर कसं?" शंका अगदी योग्य आहे, आणि याच जागी बहुतेक पुस्तकं घाईने पुढे सरकतात. आपण थांबून आकडे काढू. या क्षेत्रफळाचं सूत्र x³/3 आहे हे तुला माहीत आहे, ते पडताळणीपुरतं वापरू. A(5) = 125/3 आणि A(5.1) = 132.651/3, म्हणजे वाढ सुमारे २.५५०३. यातले २.५ आयताचे. राहिले ०.०५०३, ते टोकाच्या छोट्या त्रिकोणी तुकड्याचे. आता धागा दहापट बारीक घे, जाडी ०.०१. आयत होतो ०.२५, आणि प्रत्यक्ष वाढ भरते ०.२५०५. तुकडा राहिला ०.०००५.

या दोन ओळी नीट बघ. धागा दहापट बारीक केला तर आयत दहापट लहान झाला, पण तो त्रिकोणी तुकडा शंभरपट लहान झाला. कारण साधं आहे. आयताची फक्त जाडी घटते, लांबी २५ तशीच राहते. त्रिकोणाची जाडीही घटते आणि लांबीही घटते. वाढीला जाडीने भागलं की पहिल्या वेळी येतात २५.५०३, दुसऱ्या वेळी २५.०५. आणखी बारीक केलं तर २५.००५. तुकड्याचा वाटा संपत जातो आणि उरतात २५. "लिमिट घ्या" असं पुस्तक म्हणतं तेव्हा प्रत्यक्षात हेच घडत असतं. त्रिकोण आपण दुर्लक्षामुळे सोडलेला नाही. भागाकारात तो स्वतःच नाहीसा होतो.

इथे एक अट लपलेली आहे. लाल कडा तिरकी असली तरी चालते, पण ती सलग असायला हवी. नक्षी अशी असेल की ४ सेंटिमीटरपर्यंत लाल लांबी ५ आणि त्यानंतर एकदम २०, तर काय होईल? क्षेत्रफळ वाढतच राहील, त्यात उडी येणार नाही. पण त्या रेषेवर दर विचारलास तर मागून बघणारा ५ म्हणेल आणि पुढून बघणारा २०. A च्या आलेखाला तिथे कोपरा येतो आणि त्या एका जागी डेरिव्हेटिव्ह नसतं. म्हणून पुस्तकात प्रमेयाच्या आधी "f is continuous" लिहिलेलं असतं. मुलं ते वाक्य सजावट समजून गाळतात. ते गाळू नकोस.

आता दुसरा अर्धा भाग, ज्यावर तुझी सगळी गणितं चालतात. क्षेत्रफळ हवं असेल तर धागे मोजायचे सोडून उलटं डेरिव्हेटिव्ह का शोधायचं, आणि दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी का करायची?

घरातलं लाइटचं मीटर बघ. महिनाभरात कधी पंखा, कधी मोटर, कधी नुसता एक बल्ब. विजेचा वापर दर मिनिटाला बदलतो. पण रीडिंग घ्यायला येणारा माणूस यातलं काहीच विचारत नाही. चालू रीडिंग घेतो, मागचं रीडिंग वजा करतो, युनिट मिळाले. मधल्या तीस दिवसांची बेरीज मीटरने आपली आपण करून ठेवलेली असते. मीटरचा गुण एकच: कोणत्याही क्षणी ते ज्या वेगाने पुढे सरकतं, तो वेग म्हणजे त्या क्षणीचा वापर.

x³/3 हे आपल्या लाल रंगाचं मीटर आहे. त्याचं डेरिव्हेटिव्ह x², म्हणजे दर ठिकाणी ते लाल लांबीच्याच वेगाने पुढे सरकतं. ० वर रीडिंग ०. १ सेंटिमीटरला 1/3. २ ला 8/3. ३ ला 27/3, म्हणजे ९. पहिल्या सेंटिमीटरचं लाल 1/3, दुसऱ्याचं 8/3 वजा 1/3, तिसऱ्याचं 27/3 वजा 8/3. आता ही तिन्ही बेरजेत लिहून काढ. पहिल्यात 1/3 आला, दुसऱ्यात तोच वजा झाला. दुसऱ्यात 8/3 आला, तिसऱ्यात वजा झाला. मधलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतं शेवटचं वजा पहिलं: ९ वजा ०. तीन तुकडे केलेस काय आणि तीन हजार केलेस काय, मधली रीडिंग्ज कटतात आणि दोन टोकं उरतात. F(b) − F(a) कुठून आलं, ते इथून.

याची खातरजमा धागे मोजूनही होते. ६ सेंटिमीटरपर्यंत ६० धागे. प्रत्येक धाग्यावर लाल लांबी धाग्याच्या पुढच्या कडेला मोजली आणि ०.१ ने गुणून बेरीज केली, तर येतं ७३.८१. मागच्या कडेला मोजली तर ७०.२१. पहिलं जास्त, दुसरं कमी, खरं उत्तर या दोघांमध्ये. मीटरचं उत्तर 216/3, म्हणजे ७२. त्या दोन बेरजांमध्ये फरक ३.६ चा आहे, आणि तो बरोबर शेवटच्या धाग्याएवढा आहे: ३६ × ०.१. धागा बारीक कर, ही फट मिटत जाते. एकदा तरी हे वहीत कर. साठ ओळी लिहायला नकोत, वर्गांच्या बेरजेचं सूत्र n(n+1)(2n+1)/6 तुला अकरावीपासून येतं. त्यात n = 60 घातलं की ७३८१० मिळतं, त्याला ०.००१ ने गुणायचं.

आता "+ C" चं कोडंही सुटतं. मीटर शून्यापासूनच सुरू व्हायला हवं असं कुठे आहे? भाड्याच्या घरात राहायला गेलास तर मीटर आधीच काही हजारांवर असतं. बिलाला फरक पडत नाही, कारण वजाबाकीत ते जातं. x³/3 + 100 घेतलंस तर ६ वर १७२, ० वर १००, फरक ७२ च. C म्हणजे मीटरचं सुरुवातीचं रीडिंग. क्षेत्रफळात C दिसत नाही, कारण तो दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच असतो.

पण एक बारीक प्रश्न राहतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी मला फार आवडतो. आपण शोधलेलं मीटर आणि खरं लाल क्षेत्रफळ, दोघांचा वेग सारखा आहे हे कळलं. पण वेग सारखा म्हणून दोघांमधला फरक कायम तेवढाच राहतो हे कशावरून? दोघांची वजाबाकी घे. तिचा वेग सगळीकडे शून्य. ज्याचा वेग सगळीकडे शून्य ते हलणार कसं? वाटतं उघड, पण याला सिद्धता लागते आणि ती मीन व्हॅल्यू थिअरममधून येते. तुझ्या अभ्यासक्रमात तो धडा यासाठी आहे. "सगळीकडे" हा शब्दही महत्त्वाचा आहे, तो पुढे एका गणितात आपल्याला वाचवणार आहे.

चिन्हांतही हे सगळं लिहिलेलं आहे. ∫ हे लांब केलेलं S आहे, लॅटिनमधल्या summa चं, म्हणजे बेरीज. लायब्निझने ते ऑक्टोबर १६७५ मध्ये आपल्या कागदांत पहिल्यांदा वापरलं. dx मधला d फरकाचा. एक चिन्ह धाग्यांची बेरीज करतं, दुसरं लागोपाठच्या दोन रीडिंगमधला फरक घेतं. बेरीज आणि फरक एकमेकांच्या उलट असणारच. f(x) dx हे नुसतं शेपूट समजून लिहायचं नाही. f(x) म्हणजे धाग्यावरची लाल लांबी, dx म्हणजे धाग्याची जाडी.

आता मुलं कुठे चुकतात ते सांगतो, कारण या चुका समज कुठे तुटली ते दाखवतात.

पहिली चूक खालच्या टोकाची. x² , x³ अशी गणितं करून सवय लागते की ० वर मीटर शून्यच असतं, म्हणून मुलं खालचं टोक घालतच नाहीत. मग sin x चं ० ते π क्षेत्रफळ आलं की घात होतो. मीटर −cos x. π वर ते १ आहे, आणि बरीच मुलं तिथेच उत्तर १ लिहून मोकळी होतात. पण ० वर ते −१ आहे, शून्य नाही. १ वजा (−१), उत्तर २. चूक पकडायची असेल तर आलेखाकडे बघ: sin च्या कमानीत बसणारा त्रिकोण, पाया π आणि उंची १, एकटाच सुमारे १.५७ भरतो. मग पूर्ण कमान १ कशी असेल?

दुसरी चूक जास्त फसवी. 1/x² चं −१ ते १ इंटिग्रल काढ म्हटलं की मीटर −1/x, वरचं टोक −१, खालचं १, उत्तर −२. वहीत सगळं नीट दिसतं. पण 1/x² कुठेच ऋण नाही. लालच लाल विणत गेलो आणि शेवटी लाल उणे दोन? असं होऊच शकत नाही. घडलं असं की x = 0 ला मीटर फुटलं. डावीकडून ते १ पासून वर वर जात अनंतात गेलं आणि उजवीकडे ते पार खालून, उणे अनंतातून, परत सुरू झालं. मध्ये कुणीतरी मीटर बदलून गेलं आणि आपण जुनं-नवं रीडिंग वजा करून बसलो. वेग "सगळीकडे" जुळायला हवा म्हणालो ते यासाठी. ० वर जुळायला तिथे फंक्शनच नाही. खरं तर हे क्षेत्रफळ मर्यादित नाहीच. म्हणून किमती घालण्याआधी दोन टोकांच्या मध्ये छेद कुठे शून्य होतो का, ते बघ. आणि उत्तर आल्यावर चिन्ह बघ.

ऋण क्षेत्रफळाबद्दल एवढंच: वक्र अक्षाखाली गेला की मीटर उलटं फिरतं, जणू विणलेलं उसवतोय. sin x चं ० ते 2π इंटिग्रल शून्य येतं, ते चूक नाही. पण प्रश्नात "क्षेत्रफळ काढा" असेल तर π पाशी तोडून दोन्ही भाग धन धरायचे, म्हणजे ४.

शेवटी या प्रमेयाची हद्द, कारण शिकवताना ती कुणी सांगत नाही आणि पुढे मुलं गोंधळतात. सलग असलेल्या प्रत्येक फंक्शनला मीटर असतंच, कारण जमलेलं क्षेत्रफळ हेच त्याचं मीटर. पण ते मीटर आपल्या ओळखीच्या सूत्रांत लिहिता येईल याची हमी प्रमेय देत नाही. e^(−x²) घे. आलेख सुंदर घंटेसारखा, कुठे तुटत नाही, ० ते १ मधलं क्षेत्रफळ सुमारे ०.७४६८. पण ज्याचं डेरिव्हेटिव्ह e^(−x²) येईल असं सूत्र घात, sin, cos, log, e यांची कशीही जोडणी करून बनत नाही, आणि बनत नाही हे सिद्ध झालेलं आहे. सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, काहीही लावून बघ, हाती लागणार नाही. अशा वेळी परत लूमकडे यायचं: पट्ट्या पाडायच्या, प्रत्येकीची उंची गुणिले जाडी करायची आणि बेरीज करायची. ० ते १ च्या फक्त दहा पट्ट्या पाड, प्रत्येक पट्टीची उंची तिच्या मधोमध मोज, कॅल्क्युलेटरवर बेरीज ०.७४७ च्या आसपास येते. संख्याशास्त्राच्या पुस्तकात मागे नॉर्मल वक्राचं कोष्टक छापलेलं असतं, तो वक्रही याच घंटेच्या आकाराचा आहे. त्या वक्राच्या मीटरला सूत्र नाही म्हणून त्याची रीडिंग्ज मोजून कोष्टकात लिहून ठेवलेली आहेत, आणि दोन किमतींमधला भाग हवा असेल तर तिथेही तू एका रीडिंगमधून दुसरं वजाच करतोस.